दूध संकलनाचा अंदाज आणि हावरट झाडं: ग्रेडियंट बूस्टिंगच्या एका मॉडेलचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातली एक खाजगी डेअरी, नाव सांगत नाही आणि गावांची नावंही सांगणार नाही. तिची ६४ गावांत संकलन केंद्रं आहेत, सरासरी एका केंद्रावर सकाळचं ४०० लिटरच्या आसपास दूध येतं, काही ठिकाणी १५० तर काही ठिकाणी ९००. सात रूट आहेत, रोज संध्याकाळी ठरवायचं असतं की उद्या सकाळी कुठल्या रूटवर मोठा टँकर पाठवायचा आणि कुठल्या रूटवर छोटा. मोठा अर्धा रिकामा आला तर डिझेल वाया, आणि छोटा पाठवला आणि दूध जास्त निघालं तर शेवटच्या दोन केंद्रांचं दूध थांबून राहतं. बल्क कूलर सगळीकडे नाहीत, त्यामुळे थांबलेलं दूध म्हणजे थेट नुकसान, आणि ते शेवटी शेतकऱ्याच्या बिलात दिसतं म्हणून हा विषय मला नुसता आकड्यांचा कधीच वाटला नाही.

आधी हे काम रूट सुपरवायझर अंदाजाने करायचे, मागच्या सात दिवसांची सरासरी काढायची आणि अनुभवाने थोडं वर-खाली करायचं. मग डेअरीने एका बाहेरच्या टीमकडून ग्रेडियंट बूस्टिंगचं मॉडेल करून घेतलं, म्हणजे हो-नाही प्रश्न विचारत ओळींचे गट पाडणारी झाडं एकापाठोपाठ एक जोडायची आणि दर झाडाने आधीच्यांची उरलेली चूक भरून काढायची; फेब्रुवारी २०२२ ते ऑगस्ट २०२३ चा डेटा, दर केंद्राची दर दिवसाची एक ओळ, म्हणजे साधारण ३७ हजार ओळी. इनपुटमध्ये कालचं दूध, सात दिवसांची सरासरी, फॅट, पाऊस, वार, केंद्र क्रमांक, आणि वर्षातला कितवा दिवस (१ ते ३६५). सप्टेंबर २०२३ पासून मॉडेल रोजच्या वापरात आलं. मला नोव्हेंबरच्या सुरुवातीला बोलावलं, कारण तोपर्यंत सुपरवायझर लोकांनी त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं होतं.

अडचण काय होती

मॉडेल सोपवताना जो रिपोर्ट दिला होता त्यात ट्रेनिंगची, म्हणजे ज्या ओळींवर मॉडेल शिकलं त्यांची, सरासरी चूक ६ लिटर आणि व्हॅलिडेशनची, म्हणजे तपासायला बाजूला ठेवलेल्या ओळींची, १९ लिटर होती, दर केंद्रामागे. कागदावर फारच छान. पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रत्यक्ष वापरात चूक निघाली ४१ लिटर, आणि त्याच दोन महिन्यांत नुसती सात दिवसांची सरासरी घेतली असती तर चूक ३३ आली असती. म्हणजे एवढं सगळं करून साध्या सरासरीपेक्षाही वाईट.

सुपरवायझरांपैकी एक जण, वीस-बावीस वर्षं रूट बघणारे, मला म्हणाले, "साहेब, ९ ऑक्टोबरला ह्यानं सगळ्या केंद्रांवर दूध कमी दाखवलं. का कमी? काहीच नव्हतं त्या दिवशी. आणि २८ ला कोजागिरी होती, लोकांनी दूध घरी ठेवलं, तेव्हा मात्र हे रोजच्याएवढंच सांगत होतं."

मी तिथेच थांबलो, कारण मागच्या वर्षी, २०२२ साली, कोजागिरी ९ ऑक्टोबरला होती. मॉडेलने 'कोजागिरीला दूध कमी येतं' हे शिकलंच नव्हतं, ते शिकलं होतं 'वर्षाच्या २८२ व्या दिवशी दूध कमी येतं'. डेटामध्ये ऑक्टोबर महिना एकदाच आला होता त्यामुळे त्याला खोटं पाडणारं काही नव्हतंच. आणि हे एका केंद्रापुरतं असतं तर चाललं असतं, कारण रूटवर दहा केंद्रांच्या सुट्या चुका एकमेकांना बऱ्यापैकी खाऊन टाकतात, कुठे वीस जास्त कुठे वीस कमी. पण ही चूक सगळ्या केंद्रांवर एकाच दिशेने होती, म्हणून रूटच्या बेरजेत ती दसपट होऊन बाहेर आली आणि त्या दिवशी दोन रूटवर छोटा टँकर गेला.

सेटिंग बघितल्या: झाडाची खोली १०, लर्निंग रेट ०.३, आणि ८०० झाडं. पुढचं सगळं ह्या तीन आकड्यांभोवतीच फिरतं.

कागदावर सहा ओळी

डेअरीच्या लोकांना हे समजावून सांगणं गरजेचं होतं, कारण पुढचे निर्णय त्यांनाच घ्यायचे होते. म्हणून मी सहा ओळींचं उदाहरण कागदावर सोडवलं, तेच इथे देतो कारण माझ्या मते बूस्टिंग समजायचा हाच सगळ्यात सरळ रस्ता आहे.

सहा केंद्रं. कालचं दूध अनुक्रमे २८०, ३१०, ३३०, ४८०, ५२०, ५६०. आजचं प्रत्यक्ष आलेलं २९०, ३००, ३४०, ४७०, ५००, ६२०. आपल्याला कालच्यावरून आजचं सांगायचंय.

बूस्टिंगची सुरुवात अगदी भोळी असते, सगळ्यांना एकच उत्तर, आजच्या आकड्यांची सरासरी म्हणजे ४२०. आता प्रत्यक्ष वजा अंदाज काढा, ते उरलेलं म्हणजे रेसिड्युअल: −१३०, −१२०, −८०, ५०, ८०, २००. पहिलं झाड दुधावर शिकत नाही, ह्या उरलेल्या आकड्यांवर शिकतं. समजा एकच फाटा असलेलं झाड घेतलं, म्हणजे 'कालचं दूध अमक्यापेक्षा जास्त का' हा एकच प्रश्न आणि हो-नाहीचं एकेक पान, तर ते सगळे फाटे तपासून सगळ्यात फायद्याचा निवडतं, आणि इथे तो ३३० आणि ४८० च्या मधे पडतो. डाव्या पानाची सरासरी −११०, उजव्याची +११०. बरोबरच आहे, लहान केंद्रं आणि मोठी केंद्रं वेगळी झाली, हे खरं शिक्षण.

आता समजा हे उत्तर पूर्णच्या पूर्ण जोडलं, म्हणजे लर्निंग रेट १. अंदाज झाले डावीकडे ३१०, उजवीकडे ५३०. नवीन रेसिड्युअल: −२०, −१०, ३०, −६०, −३०, ९०. दुसरं झाड ह्यावर शिकणार. त्याला सगळ्यात फायद्याचा फाटा कुठे दिसतो? ५२० आणि ५६० च्या मधे, म्हणजे शेवटची एक ओळ एका बाजूला आणि बाकी पाच दुसऱ्या बाजूला. शेवटच्या ओळीला थेट +९० मिळतात, अंदाज ६२० होतो, चूक शून्य. आणि बाकी पाचांमधून प्रत्येकी १८ कमी होतात. त्या दिवशी त्या केंद्रावर ६२० का आलं हे आपल्याला माहीत नाही, शेजारच्या गावचं केंद्र बंद असेल, कोणी आकडा चुकीचा टाकला असेल, काहीही असेल. पण दुसऱ्याच झाडाने ते पूर्ण पाठ करून टाकलं, आणि उद्या दुसऱ्या कुठल्या केंद्राचं कालचं दूध ५६० असलं की मॉडेल त्यालाही ६२० सांगणार.

आता तेच ०.१ च्या लर्निंग रेटने करू, म्हणजे दर झाडाच्या उत्तराचा दहावा हिस्साच जोडायचा, ह्यालाच श्रिंकेज म्हणतात. पहिल्या झाडानंतर अंदाज ४०९ आणि ४३१. रेसिड्युअल −११९, −१०९, −६९, ३९, ६९, १८९. दुसऱ्या झाडाला अजूनही लहान-मोठं केंद्र हाच फरक सगळ्यात मोठा दिसतो, म्हणून फाटा परत तिथेच पडतो, पानं ±९९. तिसरं झाड परत तिथेच, ±८९. चौथं परत तिथेच, ±८०. हे मोठ्या थकबाकीची हप्त्याहप्त्याने वसुली केल्यासारखं आहे, दर वेळी जे बाकी उरलंय त्यातला दहावा भाग. पाचव्या झाडापर्यंत हा फरक ७२ वर उतरतो आणि तेव्हा कुठे शेवटच्या ओळीला वेगळं काढणारा फाटा जेमतेम जास्त फायद्याचा ठरतो. पण तेव्हाही त्या पानाचं उत्तर १६२ असलं तरी जोडले जातात फक्त १६ लिटर.

फरक लक्षात घ्या. श्रिंकेजमुळे ती विचित्र ओळ मॉडेलला दिसायची थांबत नाही. फक्त जी गोष्ट खूप ओळींमध्ये सारखी दिसते तिची पाळी आधी येते, आणि एकट्या ओळीची नक्कल करायला बरीच झाडं लागतात. म्हणजे आपल्याला मधे कुठेतरी थांबायला जागा मिळते. रेट १ ला ती जागा दुसऱ्या झाडावरच संपली होती. पण न थांबता हजारो झाडं लावत गेलात तर ०.१ सुद्धा शेवटी तिथेच पोचतो, फक्त उशिरा.

आणि ह्याच कागदावर आणखी एक लगाम पण दिसतो: पानात किमान दोन ओळी हव्यात असा नियम घातला तर पाच-विरुद्ध-एक हा फाटा पडूच शकत नाही.

मग खोली दहा म्हणजे काय होतं

कागदावरच्या झाडाला एकच फाटा होता. खोली १० म्हणजे वरून खाली दहा प्रश्न विचारता येतात आणि जास्तीत जास्त १०२४ पानं. ३७ हजार ओळी १०२४ ला भागल्या तर पानामागे ३६ येतात, ऐकायला ठीक वाटतं, पण पानं कधी सारखी भरत नाहीत. मी जुन्या मॉडेलची पहिली काही झाडं उघडून बघितली तर एकेक-दोनदोन ओळींची पानं ढिगाने होती. तिथपर्यंत पोचणारे प्रश्न असे: केंद्र क्रमांक ४१ पेक्षा जास्त का, दिवस २८० च्या पुढचा का, २८४ च्या आतला का, फॅट ३.९ पेक्षा कमी का... म्हणजे एखाद्या केंद्राचा एखादा आठवडा अचूक पत्ता टाकून गाठायचा.

खोलीचा खरा अर्थ मी असा सांगतो: एका पानापर्यंत किती गोष्टी एकत्र लक्षात घेता येतात. खोली १ ला प्रत्येक इनपुटचा परिणाम सुटा, पावसाचा वेगळा आणि केंद्राच्या आकाराचा वेगळा, आणि शेवटी बेरीज. खोली २ ला 'पाऊस आहे आणि केंद्र छोटं आहे' असं दोघांचं मिळून काही शिकता येतं. ४ ला चार गोष्टींचं मिळून. आता दूध संकलनात दहा गोष्टी एकत्र आल्यावरच घडणारं काही असतं का? मला तरी सुचत नाही आणि त्या सुपरवायझरांनाही सुचलं नाही. त्यांच्या बोलण्यात दोन-तीन गोष्टी एकत्र यायच्या: पावसाळा, कच्चा रस्ता, आणि सकाळची पाळी. त्यामुळे दहाच्या खोलीतले शेवटचे सहा-सात प्रश्न गोंगाटातच, म्हणजे योगायोगाच्या चढउतारांतच, खर्च होत होते असं म्हणायला हरकत नाही.

आणि बूस्टिंगमध्ये झाडाला एकट्याने सगळं शिकायची गरजच नसते. रँडम फॉरेस्टमध्ये प्रत्येक झाड खोल वाढवून मग सरासरी घेतात, तिथे खोली चालते कारण झाडं एकमेकांपासून स्वतंत्र असतात आणि त्यांचा गोंगाट सरासरीत विरतो. बूस्टिंगमध्ये पुढचं झाड आधीच्याच्या उरलेल्यावर चालतं, गोंगाट विरायच्या ऐवजी साचत जातो. खूप लोक फॉरेस्टची सवय इथे आणतात आणि तिथेच गाडी अडते.

पर्याय

मी गेलो तेव्हा चार गोष्टी टेबलावर होत्या.

मॉडेल बंद करून सात दिवसांच्या सरासरीवर परत जायचं. हा पर्याय मी गंभीरपणे मांडला, कारण ३३ ची चूक ४१ पेक्षा बरी आणि सरासरी सगळ्यांना समजते. मॅनेजरांनी ठरवलं की दुरुस्ती होईपर्यंत रोजचं काम सरासरीवरच चालू द्यायचं, आणि हा निर्णय मला आजही फार चांगला वाटतो, कारण त्यामुळे आमच्यावरची घाई गेली.

दुसरं, अजून वर्षभर डेटा जमवायचा. त्याने २८२ व्या दिवसाचा प्रश्न थोडा सुटला असता पण वर्षभर कोण थांबणार, आणि खोली तीच ठेवली तर नवीन डेटातले नवे गोंगाट पाठ झाले असते.

तिसरं, रँडम फॉरेस्ट. करून बघितलं, ३० च्या आसपास आलं, वाईट नाही.

चौथं, बूस्टिंगच ठेवायचं पण लगाम लावून.

आम्ही चौथा घेतला, तिसरा हाताशी ठेवून.

आधी मोजमाप सुधारलं

पहिला निर्णय मॉडेलबद्दल नव्हता, चाचणीबद्दल होता. जुन्या रिपोर्टमधली १९ लिटरची व्हॅलिडेशन चूक खोटी कशी निघाली? कारण ओळी ट्रेनिंग आणि व्हॅलिडेशनमध्ये यादृच्छिकपणे विभागल्या होत्या. एखाद्या गावात जनावरं आजारी पडली आणि आठवडाभर दूध घटलं, तर त्या आठवड्याचे मंगळ-बुध-शुक्र ट्रेनिंगमध्ये आणि गुरुवार व्हॅलिडेशनमध्ये. खोल झाडाने 'हे केंद्र, हा आठवडा' पाठ केलाच होता, त्यामुळे गुरुवारचं उत्तर त्याला आयतं मिळालं. प्रत्यक्ष वापरात उद्याचा आठवडा कोणी पाहिलेलाच नसतो. म्हणजे ओव्हरफिटिंग, अर्थात डेटा पाठ करणं, पकडायला ठेवलेली चाचणीच ओव्हरफिटिंगला बक्षीस देत होती, आणि अशा चाचणीवर कोणी खोली ठरवली तर खोली वाढवावीशीच वाटणार.

आम्ही तारखेने कापलं. फेब्रुवारी २०२२ ते मे २०२३ ट्रेनिंग, जून ते ऑगस्ट २०२३ व्हॅलिडेशन, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर २०२३ बाजूला, शेवटी एकदाच उघडायचे. ह्या नव्या कापणीवर जुन्या सेटिंगची चूक ३९ निघाली, म्हणजे प्रत्यक्ष अनुभवाच्या जवळ. आता मोजपट्टीवर विश्वास ठेवता येत होता.

मग जुन्या मॉडेलचा दर झाडामागचा आलेख काढला. बूस्टिंगची ही मोठी सोय आहे, एकदा ट्रेन केलं की पहिल्या झाडापर्यंतचा अंदाज, दुसऱ्यापर्यंतचा, असे सगळे टप्पे बघता येतात. ट्रेनिंगची रेषा ८०० झाडांपर्यंत खालीच जात होती. व्हॅलिडेशनची रेषा बाराव्या झाडाच्या आसपास ३२ वर तळाला लागली आणि तिथून चढत चढत ३९ ला गेली. ८०० पैकी जवळपास ७९० झाडं मॉडेल बिघडवत होती. मॅनेजर आलेख बघून म्हणाले, "मग बाराव्यावरच थांबवायचं ना?" प्रश्न रास्त होता. पण बाराव्यावर मिळणारे ३२ म्हणजे सात दिवसांच्या सरासरीच्या आसपासच, कारण ०.३ च्या उड्या आणि दहाची खोली, ह्यात खरं आणि खोटं दोन्ही पहिल्या बारा झाडांतच एकदम आत आलं होतं. थांबायची जागा होती पण ती वाईट जागा होती.

काय केलं

खोली आणि लर्निंग रेट एकत्र बदलले की कशामुळे काय झालं ते कळत नाही, म्हणून आधी रेट ०.०५ ला पक्का केला, पानात किमान ४० ओळी असा नियम घातला, आणि फक्त खोली बदलत गेलो, दर वेळी व्हॅलिडेशनच्या तळाला थांबून.

खोली २ ला तळ २८.६, साधारण १४०० झाडांवर. खोली ४ ला २६.९, ६२० झाडांवर. खोली ६ ला २७.३, ३१० वर. आणि खोली १० ला, किमान ४० चा नियम काढून जुन्यासारखी मोकळी सोडली तेव्हा, ३१, अवघ्या ९० झाडांवर. दोन गोष्टी बघा. एक, नुसता रेट कमी करून खोल झाड वाचत नाही, ३२ चं ३१ झालं एवढंच. दुसरं, खोली २ आणि ४ मधला फरक खरा होता, कुठे होता ते शोधलं तर पावसाळ्यातल्या कच्च्या रस्त्याच्या केंद्रांवर, जिथे तीन-चार गोष्टी एकत्र लागतात. ४ आणि ६ मधला फरक इतका बारीक की तो नशिबाचाही असू शकतो, म्हणून कमी खोलीचं घेतलं.

मग खोली ४ वर रेट बदलला. ०.१ ला तळ ३०० च्या आसपासच्या झाडावर, ०.०५ ला ६२०, ०.०१ ला तीन हजारांच्या पुढे. रेट अर्धा केला की झाडं साधारण दुप्पट लागतात, हा हिशोब बऱ्यापैकी पाळला जातो, त्यामुळे रेट आणि झाडांची संख्या ही जोडी म्हणूनच ठरवायची असते. ०.१ वरून ०.०५ ला आल्यावर चूक अर्धा लिटर सुधारली, ०.०५ वरून ०.०१ ला जाऊन फक्त ०.२, आणि वेळ पाचपट. आम्ही ०.०५ वर थांबलो. ग्रेडियंट बूस्टिंग मांडणाऱ्या फ्रीडमन ह्यांनी २००१ च्या मूळ पेपरमध्येच लहान रेटचा फायदा दाखवलाय आणि आम्ही वापरलेल्या scikit-learn ह्या पायथन लायब्ररीत न सांगता मिळणारा रेट ०.१ आणि खोली ३ आहे, म्हणजे जुन्या टीमने काहीच हात लावला नसता तरी बरं मॉडेल आलं असतं. ०.३ हा XGBoost ह्या दुसऱ्या लायब्ररीचा न सांगता मिळणारा आकडा आहे, पण तिथे त्याच्या जोडीला खोली ६ आणि पानांच्या उत्तरांवर वेगळा लगामही असतो, त्यातला एकटा ०.३ उचलून उपयोग नाही.

शेवटचं मॉडेल एवढंच:

```python
m = GradientBoostingRegressor(
    loss="huber", learning_rate=0.05,
    n_estimators=2000, max_depth=4,
    min_samples_leaf=40, subsample=0.5,
    random_state=7)
m.fit(X_tr, y_tr)
err = [np.mean(np.abs(y_va - p))
       for p in m.staged_predict(X_va)]
best = int(np.argmin(err)) + 1
```

इथे एक गोष्ट मुद्दाम केलीय. ह्या लायब्ररीत आपोआप थांबायची सोय आहे, `n_iter_no_change` दिलं की झालं, पण ती थांबण्यासाठी ट्रेनिंगमधल्याच ओळी यादृच्छिक बाजूला काढते. म्हणजे मघाचाच घोळ मागच्या दाराने परत. म्हणून तारखेने कापलेल्या व्हॅलिडेशनवर टप्पे आपण स्वतः तपासले. `subsample=0.5` म्हणजे दर झाडाला अर्ध्याच ओळी दाखवायच्या, त्यामुळे एखादी विचित्र ओळ निम्म्या झाडांना दिसतच नाही. आणि ह्यूबर लॉस, म्हणजे चूक मोजायची वेगळी पद्धत, अशासाठी की ४२० च्या जागी ४२०० टाकलेल्या नोंदी डेटात होत्या. चुकांचे वर्ग करून मोजलं तर अशा ओळीचं रेसिड्युअल प्रचंड असतं आणि झाडं तिच्याच मागे धावतात, ह्यूबरमध्ये एका मर्यादेपुढे ती ओढ वाढत नाही.

इनपुटमधून 'वर्षातला कितवा दिवस' काढला, त्याजागी महिना आणि 'दूध घरी ठेवायचा सण आहे का' अशी तिथीवरून भरलेली खूण. केंद्र क्रमांकाच्या जागी केंद्राची जुनी सरासरी. ह्यावर मॅनेजरांनी अगदी योग्य शंका काढली, की फायदा इनपुट बदलल्यामुळे झाला की लगामामुळे? म्हणून एकेक करून तपासलं. जुनी सेटिंग ठेवून फक्त इनपुट बदलले तर ३९ चे ३५. जुने इनपुट ठेवून फक्त लगाम लावला तर २९. दोन्ही मिळून २६.९. म्हणजे मोठा हिस्सा लगामाचा होता: खोली ४ आणि किमान ४० ओळी असताना २८२ वा दिवस वेगळा काढायला झाडाकडे फारसे प्रश्न उरत नव्हते, आणि काढला तरी त्याचा विसावा हिस्साच जोडला जात होता.

निकाल

शेवटी सप्टेंबर-ऑक्टोबर उघडले. चूक २८, जुन्या मॉडेलची ४१, सरासरीची ३३. ट्रेनिंगची चूक आता २४ आहे, पूर्वीच्या ६ च्या चौपट, आणि डेअरीच्या लोकांना हे पचायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मला मात्र ह्या आकड्यांत तीच सगळ्यात चांगली गोष्ट वाटते: ट्रेनिंगची २४ आणि न पाहिलेल्या महिन्यांची २८ एकमेकांच्या जवळ आहेत. एका केंद्राचं दूध रोज वीस-पंचवीस लिटर अशा कारणांनी हलतं जी आपल्या इनपुटमध्ये नाहीतच, आणि ६ लिटरची चूक दाखवणारं मॉडेल ती कारणं ओळखत नव्हतं, पाठ करत होतं.

९ ऑक्टोबरची खोटी घट गेली. २८ ऑक्टोबरची कोजागिरी मात्र साधारण अर्धीच पकडली गेली, कारण सगळ्या सणांना एकच खूण आहे आणि कोजागिरीला दूध बाकी सणांपेक्षा जास्त घरी राहतं. सुपरवायझर त्या दिवसांपुरतं हाताने कमी करतात, आणि ते तसंच ठेवलंय.

परत केलं तर काय वेगळं

व्हॅलिडेशनला फक्त जून ते ऑगस्ट होते. पावसाळ्यात ठरलेली ६२० झाडं हिवाळ्याच्या भरपूर दुधाच्या काळालाही योग्य असतील असं नाही. कापणी पुढे सरकवत नेऊन, म्हणजे आधी वर्षभरावर शिकून पुढचे दोन महिने तपासा, मग ते दोन महिने आत घेऊन त्यापुढचे दोन, असं तीन-चार वेळा करून झाडांची संख्या ठरवायला हवी. वेळ जास्त लागतो पण एका ऋतूवर भरवसा ठेवावा लागत नाही.

चूक केंद्रामागे मोजली, निर्णय मात्र रूटवर होतो. कोजागिरीच्या प्रकरणाने दाखवलंच की सगळ्या केंद्रांवर एकाच दिशेने होणारी चूक केंद्राच्या सरासरीत लपते. खोली आणि रेट निवडताना रूटची चूक शेजारी ठेवली असती तर बरं झालं असतं, निवड कदाचित तीच आली असती पण खात्रीने सांगता आलं असतं.

तिसरी गोष्ट लगामाने सुटणारी नाही. झाडाचं पान म्हणजे पाहिलेल्या ओळींची एक प्रकारची सरासरी, त्यामुळे डेटात कधी न दिसलेल्या पातळीचं दूध हे मॉडेल सांगूच शकत नाही. एका केंद्राला डिसेंबरमध्ये शेजारच्या दोन वाड्या जोडल्या गेल्या, दूध ९०० वरून ११०० वर गेलं, आणि मॉडेल नेटाने ९५० च्या आसपासच सांगत राहिलं. खोली वाढवून किंवा झाडं वाढवून ह्याला उपाय नाही. उपाय असा की मॉडेलला लिटर विचारायचेच नाहीत, सात दिवसांच्या सरासरीच्या किती पट येईल ते विचारायचं आणि मग गुणायचं, म्हणजे पातळी सरासरी सांभाळते आणि झाडं फक्त वर-खाली बघतात. ते काम आता सुरू आहे, आणि त्यात रेसिड्युअलचं मापच बदलत असल्यामुळे किमान ओळी, रेट आणि झाडांची संख्या परत पहिल्यापासून तपासावी लागतेय.